माठापासून लांब

डॉक्टर वागळे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या सुंदराबाईंकडे न जाता दाराशी उभ्या असलेल्या कांताकडे आले. सून सोबत असली की सासूचं सासूला विचारायचं नाही, सुनेला विचारायचं, ही त्यांची रीत. गिरगावातले, चांगल्या घरातले, बायकांशी बोलताना नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवणारे डॉक्टर. लालबागेतल्या बायका त्यांना देवमाणूस म्हणत. देवमाणूस असण्याचा रोग्याला नेहमी फायदाच होतो असं नाही, पण ते पुढे कळायचं होतं.

सुंदराबाई मिलच्या वाइंडिंग खात्यात होत्या. त्या दिवशी दुपारी बॉबिनच्या पेटीवर हात ठेवून उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली आणि त्या खाली बसल्या. बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने त्यांना कामगार विम्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सोबत त्याच खात्यातली गंगुबाई दिली आणि चाळीत निरोप धाडून कांताला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, पायावर बोट दाबून सूज बघितली. उपाशी पोटी उकाड्यात उभं राहिल्याने घेरी आली, दुसरं काही नाही, असं म्हणाले. आलाच आहात तर लघवी तपासून टाकू, म्हणून त्यांनी बाटली दिली. ही सवय त्यांची चांगली होती. आजूबाजूचे डॉक्टर तीन प्रश्न विचारून लाल औषध देत. वागळ्यांकडे मागच्या खोलीत दिवा होता, काचेच्या नळ्या होत्या, हाताने गरागरा फिरवायचं यंत्र होतं आणि सूक्ष्मदर्शक होता.

कांताने बाटली स्वतः पाहिली होती. स्वच्छ, पिवळी लघवी. तिच्यात काही असेल असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

"तांबड्या पेशी दिसतायत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "रक्तातल्या. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तळाचा गाळ काचेवर घेतला की दिसतात. थोड्याथोडक्या नाहीत."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. कांता चौथी शिकलेली, आणि आपल्याला नीट सांगणारा माणूस भेटला की तिला बरं वाटे. लघवीत रक्त येण्याची दोन मुख्य ठिकाणं, ते म्हणाले. एक वर, मूत्रपिंड. दुसरं त्याच्या खालची वाट, म्हणजे नळ्या आणि मूत्राशय. मूत्रपिंडाची गाळणीच बिघडली असली तर बहुतेक वेळा लघवी तापवल्यावर पांढरी गढूळ होते, तोंडावर सूज येते, रक्तदाब चढतो, आणि काचेखाली तांबड्या पेशींचे लांबट साचे दिसतात, कारण त्या पेशी मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत थिजून तिथला आकार घेऊन येतात. सासूबाईंच्या लघवीत साचे नव्हते. नळी दिव्यावर धरली तर लघवी काचेसारखी राहिली. दाबही ठीक होता. म्हणजे संशय जास्त खालच्या वाटेवर. तिथे मुतखडा असेल तर बहुधा कळा येतात, जंतू असतील तर जळजळ होते आणि पू दिसतो. इथे कळ नाही, जळजळ नाही, पू नाही.

"दुखत नाही हे चांगलंच ना?" कांताने विचारलं.

"दुखत असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती," वागळे म्हणाले. "चाळिशी उलटलेल्या माणसाच्या लघवीत न दुखता रक्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधल्याशिवाय सोडायचं नसतं. शिरेत औषध टोचून क्ष-किरणांचे फोटो काढतात. मूत्राशयात दुर्बीण घालून बघतात. परळच्या हॉस्पिटलात सगळं होतं."

एवढं म्हणून ते थांबले, आणि त्यांची नजर अंगठ्यावर गेली. सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी, ते म्हणाले. बायकांच्या बाबतीत रक्त लघवीतलं नसूही शकतं, दुसऱ्या वाटेने येऊन बाटलीत मिसळतं. विम्याच्या कार्डावर वय पंचेचाळीस आहे. तर सासूबाईंची अडचण सध्या चालू आहे का?

इथे जरा थांबून त्या कार्डाविषयी सांगायला हवं.

सुंदराबाई तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. नवरा गेला तेव्हा त्या मालवणाकडून पोरगा काखेला मारून मुंबईला आल्या आणि मिलच्या फाटकावर उभ्या राहिल्या. भरती करणाऱ्याला तरण्या बायका हव्या होत्या, म्हणून त्यांनी अकरा वर्षं तिथल्या तिथे गिळून टाकली. कागदावर हिशेब घातला तर राजाराम हा मुलगा त्यांना बाराव्या वर्षी झाला होता. असा हिशेब मिलमध्ये कुणी घालत नसे, निदान तोवर तरी. पण अलीकडे मालकांनी वाइंडिंगमधल्या बायका कमी करायचं ठरवलं होतं, आणि म्हाताऱ्या आधी जाणार अशी बोलवा होती. कागदावरचं वय कुणी मानत नव्हतं. बायकांचं खरं वय कशावरून ओळखायचं ते बायकांना ठाऊक असतं, आणि नायकीण बाई होती.

खात्यात कोपऱ्यात पाण्याचा माठ असे. जिची अडचण चालू असेल तिने माठाला शिवायचं नाही. तिने लांब उभं राहायचं, दुसरीने वरून ओंजळीत पाणी ओतायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण लिहिलेले नियम मोडतात, हे मोडत नाहीत. कोण किती महिन्यांत लांब उभी राहिली नाही हे नायकिणीच्या बरोबर ध्यानात राही. म्हणून सुंदराबाई दर महिन्याला चार दिवस माठापासून लांब उभ्या राहत. पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती. कांता लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी त्यांनी तिला सांगितलं होतं, आता घरात कोपऱ्यात बसणारी तूच एकटी. घरात त्या देवाचा दिवा लावत आणि मिलमध्ये त्याच दिवशी दुसरीच्या हातचं पाणी वरून पीत. कांताला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती हसून लोटपोट झाली होती. सुंदराबाईही हसल्या होत्या.

ज्या दिवशी घेरी आली तो लांब उभं राहण्याचाच दिवस होता. दुपारी गंगुबाईनेच त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं होतं. आणि तीच गंगुबाई आता सुंदराबाईंच्या शेजारी, दारापासून हाताच्या अंतरावर, कान टवकारून बसली होती. नायकिणीच्या मर्जीतली म्हणून खात्यात तिला सगळ्या वचकून असत.

कांताने सासूकडे पाहिलं. सुंदराबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि उघडले.

"हो," कांता म्हणाली. "चालू आहे."

वागळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, तो कांताने पुढे कितीतरी वेळा आठवला. मग प्रश्न मिटला, ते म्हणाले. हॉस्पिटलात नर्सकडून बारीक नळी घालून लघवी काढता येते, म्हणजे मिसळायचा सवाल राहत नाही. पण एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा? पाचसहा दिवस जाऊ देत, सगळं स्वच्छ झालं की पुन्हा बाटली आणा. तेव्हाही पेशी दिसल्या तर मात्र परळ चुकणार नाही.

घरी आल्यावर कांताने विषय काढला. राजाराम खाटेवर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता. छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा एक गोळी त्याच्या गुडघ्याच्या वर लागली होती. पाय वाचला, पण आठ तास मागावर उभं राहण्याच्या कामाचा राहिला नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना मात्र तो लंगडत का होईना पण जाई, आणि तिथे त्याला व्यासपीठाजवळ बसवत. घर चालत होतं सुंदराबाईंच्या पगारावर. कांताला दोन मुली, धाकटी अंगावरची. सासूबाई घरी बसल्या असत्या तर काय झालं असतं हे कुणी बोलत नव्हतं, कारण त्या खोलीत बोलायला आडोसा नव्हता.

"डॉक्टरांना आपण एकट्याने जाऊन खरं सांगू," कांता म्हणाली. "ते काही मिलला कळवायचे नाहीत."

"ता गंगु दारातच बसला होता ना?" सुंदराबाई म्हणाल्या. "आणि सांगान करतलंस काय? परळाक नेऊन माका निजवतले. चार दिवस खाडे. माका खंय दुखता? दुखणा नाय तेका औषद कसला?"

सहा दिवसांनी कांता बाटली घेऊन गेली. वागळ्यांनी यंत्र फिरवलं, गाळ काचेवर घेतला, बराच वेळ डोळा लावून बसले आणि हसत उठले. एकही तांबडी पेशी नव्हती. आपला तर्क बरोबर निघाला म्हणून त्यांना आनंद झाला होता, आणि सज्जन माणसाला आनंद झाला की तो दुसऱ्याला वाटत सुटतो. तरी महिन्याभराने एकदा पुन्हा आणा, ते म्हणाले, आणि कधी लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी या. कांताने मान डोलावली.

ती घरी येताना जवळजवळ नाचत आली. तिला वाटलं, पेशी होत्या त्या गेल्या. खोटं बोलून का होईना, सुटलो. तिला कुणी सांगितलं नव्हतं की अशा ठिकाणचं रक्त येतं-जातं, चार दिवस येतं, चार महिने येत नाही, आणि न येण्याचा अर्थ बरं होणं असा नसतो. डॉक्टरांना हे माहीत होतं. पण त्यांच्यापुढे खोटी अडचण होती, त्या अडचणीला जुळणारी स्वच्छ बाटली होती, आणि दोन गोष्टी इतक्या नीट जुळल्यावर तिसरी कोण शोधतो? खोटं एकटं असतं तोवर उघडं पडतं. खऱ्याने त्याला टेकू दिला की पिढ्यानपिढ्या उभं राहतं.

महिना गेला. कांता बाटली घेऊन एकदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेली. आत गंगुबाई खोकल्याचं औषध घ्यायला बसलेली दिसली. कांताने बाटली पदराखाली घेतली आणि परत फिरली. पुन्हा गेली नाही. सासूच्या जिवाला घाबरून परतली की सासूच्या नोकरीला, हे तिने स्वतःला तेव्हा विचारलं नाही. नोकरी गेली तर तिलाच धाकटीला अंगावरून तोडून फाटकावर उभं राहावं लागणार होतं. ते तिला नको होतं, हेही खरं होतं.

दोन वर्षं तशीच गेली. परिषदा झाल्या, मोर्चे झाले, राजारामचे सत्कार झाले. सुंदराबाई दर महिन्याला चार दिवस माठापासून लांब उभ्या राहत गेल्या.

एकोणसाठ सालचे गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. कांता सकाळी पाण्याच्या रांगेतून घरी आली तर सुंदराबाई दाराशेजारच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसलेल्या. चहाचा पेला वेगळा. देवाला दिवा नाही.

"आई, हे काय?"

सुंदराबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, पोरीसारख्या हसत होत्या. "बाहेरची झालंय," त्या म्हणाल्या. "देवान माझा खोटा खरा केल्यान गो. आता त्या नायकिणीन काय व्हया ता बघूंदे."

चाळीच्या संडासात उजेड नसतो. रक्त दिसलं, लुगड्याला लागलं. कुठल्या वाटेने आलं हे त्यांनी पाहिलं नाही. बाईच्या अंगावर लाल दिसलं की त्याचा एकच अर्थ त्यांना आयुष्यभर माहीत होता. आणि दुखत तर नव्हतंच. चौदा वर्षं महिन्यातून चार दिवस सोंग केलं, त्याची देवाने दखल घेतली असं त्यांना मनापासून वाटलं. त्या दिवशी मिलमध्ये त्या माठापासून लांब उभ्या राहिल्या त्या ताठ मानेने.

कांता मात्र हसली नाही. म्हातारपणी गेलेली पाळी परत आली म्हणून चाळीतल्या दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर तोंडाला हात लावला असता. सुंदराबाई मिलमधून आल्याबरोबर तिने त्यांना घरातल्या मोरीवर, पांढऱ्या मुलाम्याच्या भांड्यात लघवी करायला लावली. त्यांनी चिडून शिव्या घातल्या, पण केली. भांड्यातली लघवी मांस धुतलेल्या पाण्यासारखी होती.

त्या संध्याकाळी ती एकटीच वागळ्यांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. कार्डावरचं वय, माठ, गंगुबाई, पायरीवरून परत फिरणं. मध्ये कुठे थांबली नाही.

वागळे ऐकत राहिले. या वेळी ते अंगठ्याकडे नाही, सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"मी त्यांनाच विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "एकट्यात. आणि विचारायचं नव्हतं तर नळीने लघवी काढायला हवी होती. ती दुसरी बाटली स्वच्छ निघाली ना, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, बघ, उगाच परळला पाठवली असती बिचारीला."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. लिहिताना वयाच्या जागी हात थांबला, आणि त्यांनी कांताला न विचारता अठ्ठावन्न लिहिलं.

परळच्या हॉस्पिटलात मृणालिनी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पुरुषांना बाहेर काढून पडदा ओढला, सुंदराबाईंना जे विचारायचं ते सुंदराबाईंनाच विचारलं, आणि नर्सकडून नळीने लघवी काढली. नळीतूनच लाल आलं. म्हणजे वाट कुठली यात शंका उरली नाही. देवाने खोटं खरं केलेलं नव्हतं. सुंदराबाईंचा चेहरा तेव्हा पडला, रोग कळल्यावर पडला त्यापेक्षा जास्त.

शिरेतून औषध देऊन फोटो काढले. उजवं मूत्रपिंड नीट दिसलं. डावीकडची नळी तुंबून मूत्रपिंड फुगलं होतं. मग दुर्बीण घातली. मूत्राशयात, डाव्या नळीच्या तोंडाशीच गाठ वाढली होती, आणि ती भिंतीच्या आत शिरली होती. मोठ्या सर्जनांनी मृणालिनीबाईंशी इंग्रजीत काही बोलणं केलं आणि निघून गेले.

कांताला सांगायचं काम मृणालिनीबाईंवर पडलं. सुरुवातीला अशी गाठ पुष्कळदा लहान असते, वरवर असते, त्या म्हणाल्या. तेव्हा दुर्बिणीतूनच जाळून टाकता येते, परत येते का ते बघत राहावं लागतं, पण बाई पुष्कळ वर्षं जगते. आता ती वेळ गेली. क्ष-किरणांचा शेक देऊन रक्त थांबवता येईल, थोडे दिवस.

"पहिल्यांदा कधी कळलं होतं?" त्यांनी विचारलं. "डोळ्यांना दिसायच्या आधी कधी कुणी लघवी तपासली होती का?"

कांता मग म्हणाली, "तपासली होती. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा दिसल्या होत्या पेशी."

"मग शोधलं का नाही?"

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते कांता एकदा वागळ्यांना देऊन बसली होती. पुन्हा देण्याचं बळ तिच्यात नव्हतं. "दुखत नव्हतं," ती म्हणाली. हेही खरंच होतं, आणि हे ऐकून मृणालिनीबाईंनी जी मान हलवली तिच्यावरून कळत होतं की हे उत्तर त्यांनी पूर्वीही खूप वेळा ऐकलं आहे.

सुंदराबाई एप्रिलच्या मध्याला गेल्या. शेवटच्या महिन्यात दुखलं. इतकं दुखलं की शेजारच्या खोलीतली माणसं रात्री गच्चीवर झोपायला जाऊ लागली. दुखणं नाही तर औषध कसलं म्हणणाऱ्या बाईने ते दुखणं कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. एकदा त्या कांताचा हात धरून म्हणाल्या, "आधी दुखला असता तर गो."

दहनभूमीत कारकुनाने वय विचारलं. राजारामने कांताकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस, कांता म्हणाली. मिलमधला फंड मिळायचा होता, आणि कार्डावरचं वय आणि मेल्याचं वय एक नसलं तर कागद अडकतात. कारकुनाने चुकचुक केली. काय हे वय जायचं, म्हणाला.

पंधरा दिवसांनी मे महिना उजाडला. महाराष्ट्र झाला. लालबागेत घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, रस्त्यावर गुलाल उधळला, आणि चौकातल्या मांडवात राजारामला शाल आणि नारळ दिला. घरात सुतक फिटलं होतं तरी कांताने गोड केलं नाही. नारळ तिने दुसऱ्या दिवशी आमटीत वाटून घातला.

सुंदराबाईंच्या जागी कांताला बदली कामगार म्हणून घेतलं. धाकटी आता मोठी झाली होती, सबब उरली नव्हती. वाइंडिंग खात्यात तिला सासूचीच जागा मिळाली, माठाच्या कोपऱ्यापासून तिसरी. गंगुबाई शेजारी. कांता तिच्याशी बोलत नसे. त्या दिवशी ही बाई बाकावर नसती तर, एवढा एकच विचार तिच्या मनात येई, आणि तो दिवसातून कितीतरी वेळा येई. कुणावर तरी खापर फोडायला मिळालं की माणसाला रात्री झोप लागते.

एका दुपारी मधल्या सुट्टीत कांता माठाजवळ पाणी पीत होती. गंगुबाई आली आणि माठापासून दोन हात लांब उभी राहिली. ओंजळ पुढे केली.

"वरसून ओत गो."

कांताने लोटा भरला, पण ओतला नाही. ती गंगुबाईकडे बघत राहिली. केस सगळे पिकलेले, वर तेल थापलेलं. गळ्याची कातडी लोंबत होती. हनुवटीवर पांढरे केस. सासूबाईंपेक्षा ही लहान असेल असं तिला आजवर का वाटलं होतं, हे तिचं तिलाच कळेना.

गंगुबाईनेही तिची नजर ओळखली. तिने मागे पाहिलं. नायकीण लांब होती.

"सुंदराची केव्हाच गेली होती ता माका ठावक होता," ती पुटपुटली. "त्या दिवशी डाक्तराक तू हो म्हणालंस तेव्हा मी मनात म्हटलंय, शाणी आसा पोर. मी कोणाक सांगूचा नव्हता गो. माझी तरी खंय चालू आसा? धा वर्सां झाली." ती जरा थांबली. "ह्या खात्यात लांब रवतत त्यांतल्या निम्म्यांची नाय."

त्या बाकावर बसलेली बाई शत्रू नव्हती. ती दारात बसून स्वतःच्याच गुपितावर कान लावून बसली होती. कांता 'नाही' म्हणाली असती तर काही झालं नसतं. काहीच झालं नसतं. ज्याच्या भीतीने सासू गेली ते भूत कुठेच नव्हतं, आणि कांताला आता खापर फोडायला कुणी उरलं नाही.

तिला ओरडावंसं वाटलं. खात्यातली यंत्रं बंद होती, ओरडली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. ती ओरडली नाही.

"गंगुबाई," ती हळूच म्हणाली, "वागळ्यांकडे जाऊन एकदा लघवी तपासून घ्या. त्यांनी विचारलं तर खरं सांगा. ते आता एकट्यात विचारतात."

"माका काय दुखता?"

"दुखत नसलं तरी."

नायकीण माठाकडे येत होती. गंगुबाईने ओंजळ आणखी पुढे केली.

"गप रव," ती म्हणाली. "वरसून ओत."

कांताने लोटा उंच धरला आणि हाताला शिवणार नाही असं पाणी ओतलं.